"वाचलास बघ लगा" हे कागदावर कसं आणायचं: निअर मिस कार्डाची गोष्ट

आमच्या कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळीला एक वाक्य हमखास ऐकू येतं, "वाचलास बघ लगा". कुणाच्या तरी पायाजवळ काहीतरी धाडकन पडलेलं असतं, दोन मिनिटं सगळे गोळा होतात, कुणीतरी गणपतीचं नाव घेतं, आणि परत काम चालू. सकाळी पहिल्या पाळीचे लोक येतात तेव्हा त्यातलं काहीच त्यांच्या कानावर गेलेलं नसतं. यालाच कंपनीच्या भाषेत निअर मिस म्हणतात, म्हणजे कुणाला लागलं नाही, काही मोडलं नाही, पण दोन सेकंद इकडंतिकडं झाले असते तर लागलं असतं. हे सगळं वेळेवर कळावं म्हणून बहुतेक कारखान्यांत एक फॉर्म असतो, आणि बहुतेक कारखान्यांत तो फॉर्म कोराच राहतो. तो कोरा का राहतो आणि कामगार विश्वासानं लिहील असा कसा करायचा, एवढंच इथं सांगतोय. मी 11 वर्षं फाउंड्रीत सेफ्टी बघतोय, आणि यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

आधी एक प्रकरण सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मी पूर्वी ज्या फाउंड्रीत होतो तिथं फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेल्या कास्टिंग घासून साफ करायच्या जागेच्या बाजूला ईओटी क्रेन होती, छताखाली रुळांवर फिरणारी. तिच्या हूकात चेन स्लिंगची, म्हणजे उचलायच्या साखळीची, वरची रिंग अडकवून साडेतीनशे किलोची कास्टिंग उचलायचे. हूकच्या तोंडाला एक छोटी स्प्रिंगची पट्टी असते, तिला लॅच म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं ती लॅच वजन धरते, पण तसं नाही, वजन हूकच धरतो. लॅचचं काम वेगळंच आहे. कास्टिंग जमिनीला टेकली की चेन सैल पडते, आणि सैल पडलेली रिंग हूकात वर सरकून टोकाशी येऊ शकते. लॅच असेल तर ती रिंग बाहेर येत नाही. लॅच नसेल तर रिंग हूकच्या टोकावर अर्धी अडकून बसते, खालून बघणाऱ्याला वाटतं व्यवस्थित आहे, ऑपरेटर परत वर घेतो, कास्टिंग गुडघ्याएवढी उचलली जाते आणि रिंग टोकावरनं सटकते.

एका रात्री तसंच झालं आणि एका हेल्परच्या पायाची दोन हाडं मोडली. चौकशी झाली, मी पण त्यात होतो. चौकशीत निघालं की हूकला लॅच नव्हती, ऑपरेटरनं न बघता उचललं, म्हणून ऑपरेटरला मेमो दिला, मेंटेनन्सला सांगून नवीन लॅच बसवली, फाइल बंद. फाइलवर माझी सही होती.

तीन आठवड्यांनी मी सहज वर बघितलं तर लॅच परत गायब.

त्यानंतर एकदा चहाच्या सुट्टीत मी नुसता बसलो होतो, हातात वही नाही काही नाही, तेव्हा एक जुना फिटर म्हणाला, "साहेब, ही रिंग सटकायचं पहिल्यांदा नव्हतं ओ. दुसऱ्या बे मध्ये दोनदा झालंय. एकदा कास्टिंग ट्रॉलीवरच पडली म्हणून कुणाला कळलं नाही." मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तो हसला नाही की चिडला नाही, सरळ म्हणाला, "सांगून काय, मेमोच ना."

म्हणजे त्या पोराचा पाय मोडायच्या आधी दोनदा सूचना आली होती, कारखान्यात ती माहीत असलेली माणसं होती, फक्त ती माहिती जिथं पोचायला पाहिजे तिथं पोचायचा रस्ताच नव्हता. रस्ता होता तो फॉर्मचा, आणि तो फॉर्म मीच बनवला होता.

तो जुना फॉर्म कसा होता ते सांगतो, कारण असे फॉर्म आजही ठिकठिकाणी दिसतात. दोन पानं, इंग्लिशमध्ये, 23 रकाने. त्यात एक रकाना होता "जबाबदार व्यक्तीचे नाव" आणि शेवटी "सुपरवायझरची सही". आता बघा, रात्री अडीच वाजता हेल्परनं हा फॉर्म मागायचा कुणाकडं तर शिफ्ट इंचार्जकडं, भरायचा तर इंग्लिश येणाऱ्याकडून, त्यात शेजारच्या गड्याचं नाव जबाबदार म्हणून लिहायचं, आणि मग ज्याच्या पाळीत हे झालं त्याच इंचार्जची सही घ्यायची. असा फॉर्म कोण भरेल? कुणीच भरत नव्हतं आणि आम्ही महिन्याच्या रिपोर्टमध्ये निअर मिस शून्य असं लिहून खूश होतो.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. विमानांच्या जगात हीच गोष्ट फार मोठ्या किमतीवर शिकावी लागली. 1 डिसेंबर 1974 ला अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचं 514 नंबरचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरायला निघालं होतं. कंट्रोलरच्या परवानगीच्या शब्दांचा अर्थ वैमानिकांनी असा घेतला की आता खाली यायला हरकत नाही, ते खाली आले आणि मधल्या डोंगराला धडकले, 92 माणसं गेली. तपासात निघालं की साधारण सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचं एक विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजामुळं, त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण बाकीच्या कंपन्यांना ते कळलंच नाही. आमच्या दुसऱ्या बे मधली रिंग आणि तो डोंगर यात मला तरी काही फरक दिसत नाही.

यानंतर जे केलं गेलं ते जास्त शिकण्यासारखं आहे. 1975 मध्ये तिथल्या विमान वाहतूक खात्यानं, म्हणजे एफएएनं, स्वतःच रिपोर्ट मागवायला सुरुवात केली, शिक्षा करणार नाही असंही सांगितलं. पण वैमानिकांचं म्हणणं होतं की जो लायसन्स काढून घेऊ शकतो त्यालाच मी माझी चूक कशी लिहून देऊ? मग 1976 मध्ये रिपोर्ट घ्यायचं काम नासाकडं दिलं गेलं. नासा ना वैमानिकांची मालक ना त्यांना दंड करणारी. फॉर्मवर नाव-पत्त्याची एक पट्टी ठेवली, आणि नासाची माणसं रिपोर्ट वाचून, काही विचारायचं असेल तर विचारून, ती पट्टी फाडून शिक्का मारून लिहिणाऱ्यालाच परत पाठवतात. म्हणजे नाव कुणाकडंच उरत नाही, आणि मी कळवलं होतं याचा पुरावा लिहिणाऱ्याच्या हातात राहतो. चूक नकळत झालेली असेल आणि 10 दिवसांच्या आत कळवली असेल तर शक्यतो दंड माफ होतो. पण गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात असेल तर ही सवलत नाही. ही पद्धत अजून चालू आहे.

मला यातनं दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे "आम्ही शिक्षा करणार नाही" असं नुसतं म्हणून विश्वास बसत नाही, कागद कुणाच्या हातात जातो यावर तो बसतो. आणि दुसरी ती पट्टी. पट्टीची कल्पना आम्ही जवळजवळ जशीच्या तशी उचलली, फक्त आपल्या पद्धतीनं.

पावतीपुस्तक बघितलंय ना, मंडळाच्या वर्गणीचं असतं तसं, नंबर दोन्हीकडं छापलेला, मधनं टोचलेली रेघ. छापखान्यातनं तशीच कार्डं करून घेतली, पोस्टकार्डाएवढी, जाड कागदाची, कारण फाउंड्रीत वाळू आणि काळं इतकं असतं की पातळ कागद दोन दिवसांत जातो. कार्ड लिहायचं, पट्टी फाडून खिशात ठेवायची, कार्ड पेटीत टाकायचं. नाव कुठंच नाही, पण माझ्याकडं 17 नंबर आहे तर 17 नंबरचं काय झालं ते मला फळ्यावर बघता येतं. नाव न सांगता उत्तर मिळवायची याहून स्वस्त युक्ती मला अजून तरी सापडलेली नाही.

कार्डावर चारच प्रश्न ठेवले, मराठीत आणि मागच्या बाजूला हिंदीत:

कुठं झालं?
काय होता होता राहिलं?
जास्तीत जास्त काय होऊ शकलं असतं?
परत होऊ नये म्हणून काय करावं वाटतं? (सुचलं तरच लिहा)

बास. तारीख आणि वेळ मुद्दाम काढून टाकली, त्यावर आमच्यात बराच वाद झाला. क्वालिटीच्या साहेबांचं म्हणणं होतं की वेळ नसेल तर तपास कसा करणार. पण रात्रपाळीला त्या बे मध्ये चारच माणसं असतात, वेळ लिहिली की नाव लिहिल्यासारखंच झालं. शेवटी ठरलं की "या आठवड्यात" एवढं पुरे, जास्त माहिती पाहिजे असेल तर फळ्यावर लिहू की 17 नंबरवाल्यानं जमलं तर अजून थोडं सांगावं, आणि आश्चर्य म्हणजे लोक खरंच सांगायचे, कधी दुसरं कार्ड टाकून, कधी चहाला येऊन. जो रकाना कामगाराला घाबरवतो तो कितीही उपयोगाचा वाटला तरी काढावा, या मताचा मी तेव्हापासून झालो.

लिहिता न येणाऱ्यांचं काय? आमच्याकडं निम्मे लोक ठेकेदाराचे, त्यात बिहार, यूपी, ओडिशाचे बरेच. काहींना देवनागरी वाचता येते पण लिहायचा कंटाळा, काहींना तेही नाही. त्यांच्यासाठी कार्डाच्या मागं पाच-सहा चित्रं छापली, पडणारी वस्तू, गरम लोखंड, वीज, चालती मशीन, क्रेन, गाडी. चित्रावर गोल करायचा आणि जागा दाखवायला बे चा नंबर. एवढं पण जमत नसेल तर कुणालाही तोंडी सांगायचं आणि त्यानं लिहायचं, यासाठी आम्ही कामगारांतलेच तीन जण निवडले, म्हणजे त्यांनीच निवडले. त्यातला एक ठेकेदाराकडचा असायलाच पाहिजे असा माझा हट्ट होता. व्हॉट्सॲपवर पाठवायची सोय करावी असं बऱ्याच जणांनी सुचवलं. केली पण, फोटो चांगले येतात त्याला, पण लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपवर नंबर दिसतो म्हणजे नाव दिसतंच. म्हणून पेटी बंद करून फक्त मोबाइलवर जाऊ नका.

पेटीची जागा हा विषय छोटा वाटतो, पण आमची पहिली पेटी महिनाभर रिकामी राहिली ती जागेमुळंच. मी ती टाइम ऑफिसच्या दाराशी लावली होती, वर कॅमेरा. कोण टाकायला जाणार? मग ती पाण्याच्या कूलरजवळ हलवली, तिथं प्रत्येकजण दिवसातनं पाच वेळा जातोच, कार्ड टाकलं की पाणी प्यालं हे कुणाला कळत नाही. शेजारी दोरीला पेन्सिल बांधली, पेन ठेवलं की दोन दिवसांत जातं. आणि किल्ली प्रॉडक्शनकडं नाही, एचआरकडं नाही. एक कुलूप माझं आणि एक त्या तीन कामगारांचं, म्हणजे दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. आमच्याकडं नासा नव्हती, तर दोन कुलपं.

आता त्या लॅचवर परत येतो. नवीन कार्डं सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात 17 नंबरचं कार्ड आलं. अक्षर वाकडं, पण मजकूर असा होता: "क्रेनच्या हूकची लॅच आम्हीच काढतो. नवीन साखळीची रिंग मोठी हाय, लॅच लागत न्हाई, मधी अडकती. काढली न्हाई तर काम हुत न्हाई."

मी ते कार्ड घेऊन सरळ क्रेनखाली गेलो, हूक खाली घ्यायला लावला, रिंग अडकवून बघितली. खरंच होतं. काही महिन्यांपूर्वी जुन्या स्लिंग संपल्या तेव्हा पर्चेसनं नवीन मागवल्या, क्षमता बरोबर होती, टेस्ट सर्टिफिकेट होतं, पण वरची मुख्य रिंग जुन्यापेक्षा जाड होती. ती हूकात बसायची, पण लॅच मागं पूर्ण बंद व्हायची नाही, अर्धवट उघडी राहून रिंगला घासायची, आणि स्लिंग काढताना ऑपरेटरला एका हातानं लॅच दाबून दुसऱ्या हातानं जड रिंग ओढायला लागायची. एका पाळीत हे साठ-सत्तर वेळा. मग कुणीतरी लॅच काढून टाकली. मी परत बसवली, त्यांनी परत काढली.

आमच्या चौकशीनं विचारलं होतं, लॅच कुणी काढली? त्या प्रश्नाला एक नाव मिळालं आणि तिथंच आम्ही थांबलो. कार्डानं सांगितलं लॅच का काढावी लागते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मेमो होतं, दुसऱ्याचं उत्तर दुसऱ्या मापाची रिंग होती. स्लिंग बदलून आणल्या, आणि पर्चेसच्या ऑर्डरमध्ये एक ओळ घातली की नवीन स्लिंग घ्यायच्या आधी हूकात अडकवून लॅच पूर्ण बंद होते का ते बघायचं. त्यानंतर लॅच कुणी काढली नाही, कारण काढायची गरजच राहिली नाही.

आणि बघा, ते कार्ड लिहिणाऱ्यानं "आम्हीच काढतो" असं लिहिलं होतं. जुन्या पद्धतीत ही कबुली म्हणजे निदान तीन दिवस घरी. दोष न देण्याचा खरा उपयोग हा आहे. माणसाला बरं वाटावं म्हणून ते करायचं नसतं, खरं कारण फक्त त्याच माणसाला माहीत असतं आणि तो ते फक्त असंच सांगतो म्हणून करायचं असतं.

पण दोष द्यायचा नाही म्हणजे काहीही चालेल असं नाही, आणि हे आधीच लिहून ठेवावं लागतं, नाहीतर पहिल्या कठीण प्रकरणाला सगळं कोसळतं. आम्ही एका पानावर मालकांच्या सहीनं लिहिलं की कार्डात सांगितलेल्या गोष्टीवरून मेमो, हजेरी कापणं, बदली, गेटपास काढून घेणं यातलं काहीही होणार नाही. अपवाद तीनच ठेवले: दारू पिऊन कामावर येणं, मुद्दाम कुणाला इजा करायचा किंवा मशीन बिघडवायचा प्रयत्न, आणि झालेला अपघात लपवणं. बाकी सगळ्याला एकच चाळणी लावायची: त्याच जागेवर, त्याच घाईत, त्याच अवजारासह दुसरा चांगला कामगार उभा केला तर त्यानं पण हेच केलं असतं का? उत्तर हो असेल तर माणसावर कारवाई करून उपयोग नाही, जागा बदलायला पाहिजे. लॅचच्या बाबतीत तीन पाळ्यांतले सगळेच ऑपरेटर तेच करत होते, म्हणजे उत्तर समोरच होतं.

त्या पानात ठेकेदारांसाठी वेगळी ओळ आहे आणि ती नसेल तर बाकीचं पान वाया जातं असं मला वाटतं. कायम कामगाराला मेमोची भीती असते, ठेकेदाराच्या कामगाराला उद्या गेटवर थांबवतील याची. त्याला कुणी मेमो देत नाही, फक्त म्हणतात उद्यापासून येऊ नको. म्हणून ठेक्याच्या करारातच घातलं की कार्ड टाकलं किंवा तोंडी सांगितलं म्हणून माणूस बदलता येणार नाही, आणि कुणाला कमी केलं तर त्या महिन्यात मला कारण कळवायचं.

तरी एकदा मोडलंच. सुरुवातीच्या चार महिन्यांत कधीतरी एका कार्डात आलं की लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायच्या भांड्यात, ओला स्क्रॅप पडून धातू उसळला. ओलावा वितळलेल्या लोखंडाच्या खाली अडकला की त्याची एका क्षणात वाफ होते आणि धातू कारंज्यासारखा उडतो, फाउंड्रीत याहून भयानक फार थोड्या गोष्टी आहेत. मी कारण शोधत होतो तोवर एका शिफ्ट इंचार्जनं कॅमेऱ्यात बघून माणूस शोधला आणि त्याची एक दिवसाची हजेरी कापली. आधी आठवड्याला पाच-सहा कार्डं यायची, ती एकदम बंद. पुढचे दहा आठवडे पेटीत एकही कार्ड नाही. मालकांना हे आकडे दाखवले, मग त्यांनी पाळी बदलायच्या वेळी दोन्ही पाळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की हजेरी कापली ती चूक होती, पैसे परत दिले, आणि कार्डावरून कॅमेरा बघायचा नाही असा नियम केला. त्याच वेळी स्क्रॅपच्या ढिगावर पत्र्याचं छत टाकलं, कारण खरं कारण तेच होतं, पावसाळ्यात स्क्रॅप उघड्यावर पडलेला असायचा. छत बघून कार्डं परत यायला लागली. भाषणामुळं आली की छतामुळं असं मला विचाराल तर छतामुळं.

म्हणून उत्तर देणं, म्हणजे फीडबॅक, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. कूलरच्या शेजारीच एक फळा आहे, साधा पांढरा, त्यावर कार्ड नंबर, दोन शब्दांत विषय, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. पेटी रोज उघडायची. कार्ड निघालं की दुसऱ्या दिवसापर्यंत नंबर फळ्यावर आलाच पाहिजे, नुसतं "बघतोय" लिहिलं तरी चालतं. सात दिवसांत काहीतरी निर्णय. आणि निर्णय "नाही" असेल तर नाही लिहायचं, कारणासकट. एका कार्डात दोन बे मधला रस्ता रुंद करा असं होतं, ते होणार नव्हतं कारण मधे पिलर आहे, तसं लिहिलं, आणि गाडीचा वेग कमी करायला तिथं उंचवटा आणि आरसा लावला. लिहिणाऱ्याला नकार चालतो हो, त्याला काय चालत नाही तर गप्प बसणं. दर सोमवारी टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू करायच्या आधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, एक कार्ड वाचायचं, तिन्ही पाळ्यांना तेच, म्हणजे दुसऱ्या बे मधली रिंग पहिल्या बे ला कळते.

कार्ड निवडताना एक काळजी घ्यायची. ढीग आला की सगळ्यांवर सारखी मेहनत होत नाही. तिसरा प्रश्न, जास्तीत जास्त काय होऊ शकलं असतं, तो यासाठीच आहे. "पाय घसरला असता" आणि "लॅडल कलंडली असती" हे एका रांगेत ठेवायचे नाहीत. हाइनरिकनं 1931 मध्ये एक आकडा मांडला होता, एका मोठ्या अपघातामागं 29 किरकोळ आणि 300 बिनइजेच्या घटना, सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये तो त्रिकोण अजून दाखवतात. पण तो आकडा प्रत्येक कारखान्याला लागू होत नाही, त्यावर बरीच टीका झालेली आहे, आणि त्यातनं लोक चुकीचा अर्थ काढतात की किरकोळ घसरणं कमी केलं की मोठा अपघात आपोआप टळेल. फरशीवरचं तेल पुसून क्रेनची रिंग सटकायची थांबत नाही. जी कार्डं जीव घेऊ शकली असती ती आधी.

आकड्यांचा मोह दोन्हीकडनं घात करतो. एका वर्षी वरून आलं की प्रत्येक सुपरवायझरनं महिन्याला पाच निअर मिस द्यायचेच. महिन्याच्या 29 तारखेला पेटी भरायची, सगळीकडं "पाणी सांडलं होतं, पुसून घेतलं". आणि उलट्या बाजूनं गेटवरचा तो बोर्ड, अपघाताविना इतके दिवस, त्यावर बक्षीस ठेवलं की लोक कापलेलं बोट रुमालात बांधून घरी जातात, कारण सगळ्यांचं बक्षीस आपल्यामुळं जाऊ नये. दोन्ही बंद केलं. बक्षीस द्यायचंच तर कार्ड लिहिणाऱ्याला चहा-नाष्टा पाजा, पण तेही नंबरानं, नावानं नाही.

मग पद्धत चालते की नाही हे ओळखायचं कशावरून? कार्डांच्या संख्येवरून तर अजिबात नाही, संख्या कमी झाली म्हणजे धोके कमी झाले की तोंडं बंद झाली हे आकडा सांगत नाही. मी तीन गोष्टी बघतो. रात्रपाळीची आणि ठेकेदाराच्या लोकांची कार्डं येतात का. "माझ्याकडनं झालं" अशी किती येतात. आणि आपणहून नाव लिहिणारे वाढतायत का. सुरुवातीला एकही नाव नसायचं, दुसऱ्या वर्षी निम्म्याहून जास्त कार्डांवर नाव यायला लागलं, जिथं नावाचा रकानाच नाही तिथं लोक कोपऱ्यात लिहायचे.

एक मर्यादा पण सांगून ठेवतो. कार्ड टाकलं म्हणजे कायद्याचं काम झालं असं नाही. काही घटना अशा असतात की कुणाला लागलं नसलं तरी कायद्यानं त्या धोकादायक घटना म्हणून सरकारला, आपल्याकडं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, कळवाव्याच लागतात, जसं क्रेन कोसळणं किंवा दाबाखालची टाकी फुटणं. ते वेगळं चालू ठेवायचं. आणि कार्ड हे तातडीच्या धोक्यासाठी नाही, उघडी वायर दिसली तर पेटीकडं नाही, आधी काम थांबवायचं.

बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की आमचं वर्कशॉप पंधरा माणसांचं, तिथं पेटी आणि नंबर काय करायचे, अक्षर बघूनच कळतं कुणाचं ते. खरं आहे, तिथं पेटी उपयोगाची नाही. मिरज एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक वर्कशॉपवाले आहेत, चार लेथ, दोन मिलिंग, एक प्रेस. त्यांना मी एवढंच सुचवलं की शनिवारी पगाराच्या आधी दहा मिनिटं बसायचं आणि पहिली गोष्ट मालकानं स्वतःची सांगायची, या आठवड्यात मी कुठं वाचलो. पहिल्या शनिवारी त्यांनी सांगितलं की लेथवर हातमोजा घालून एमरी पेपर लावताना मोजा ओढला गेला, तो फाटला म्हणून हात सुटला, आणि मी तुम्हाला सगळ्यांना मोजा घालू नका म्हणतो आणि मीच घातला होता. सगळे गप्प. मग प्रेसवरचा पोरगा हळूच म्हणाला, "शेठ, प्रेसचं एक बटण आम्ही टेप लावून दाबूनच ठेवलंय."

दोन्ही हात बटणांवर राहावेत म्हणून त्या प्रेसला दोन बटणं होती. शेठनी विचारलं का, तर दोन बटणांतलं अंतर इतकं जास्त ठेवलं होतं की उंचीनं कमी असलेल्या माणसाचा हात पोचत नव्हता. सोमवारी इलेक्ट्रिशियन बोलावला. अंतर जमेल तेवढं कमी केलं, पण एका हातानं किंवा कोपरानं दोन्ही दाबता येणार नाहीत एवढं ठेवून. आणि सर्किट असं केलं की दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली तरच प्रेस चालेल आणि दर वेळी दोन्ही सोडल्याशिवाय परत चालणार नाही, म्हणजे टेप लावून उपयोग नाही. टेप त्या पोरानंच काढली.